नाव मल्टिकॅप, चाल लार्जकॅपची : 2020चा सप्टेंबर आणि तीन घटकांचा हिशोब

11 सप्टेंबर 2020, शुक्रवार. वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबीच्या मुख्यालयातून संध्याकाळी एक परिपत्रक निघाले. त्याचा आशय असा, की मल्टिकॅप म्हणवणाऱ्या प्रत्येक फंडाने किमान 25 टक्के पैसा मोठ्या, 25 टक्के मध्यम आणि 25 टक्के लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये ठेवलाच पाहिजे, आणि ही फेरमांडणी जानेवारी 2021 अखेरपर्यंत पुरी झाली पाहिजे. या वर्गातील फंडांकडे तेव्हा सुमारे दीड लाख कोटी रुपये होते आणि त्यांचा बराच मोठा हिस्सा पहिल्या शंभर कंपन्यांत गुंतलेला होता. नियम अक्षरशः पाळायचा तर हजारो कोटींचे मोठे शेअर विकून तितक्याच रकमेचे लहान शेअर घ्यावे लागणार होते. लहान शेअरांच्या बाजाराची खोली पाहता हे सोपे नव्हते. रविवारी, 13 तारखेला, सेबीला खुलासा करावा लागला : फंडांनी लहान शेअरच घ्यावेत असे नाही, त्यांना लार्जकॅप योजनेत विलीन होता येईल किंवा दुसऱ्या वर्गात जाता येईल. तरीही सोमवारी लहान शेअरांचे निर्देशांक एका दिवसात चार-पाच टक्क्यांनी उसळले.

या गोंधळाची मुळे तीन वर्षे मागे जातात. 6 ऑक्टोबर 2017च्या परिपत्रकाने सेबीने फंडांचे वर्ग ठरवले. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या मोठ्या, 101 ते 250 मध्यम, 251पासून पुढच्या लहान, अशी व्याख्या झाली आणि दर सहा महिन्यांनी ॲम्फीने यादी काढायची असे ठरले. लार्जकॅप, मिडकॅप, स्मॉलकॅप फंडांवर किमान टक्केवारीचे बंधन आले. मल्टिकॅपवर मात्र एवढेच, की 65 टक्के पैसा शेअरमध्ये असावा. कोणत्या आकाराच्या शेअरमध्ये, हे व्यवस्थापकावर सोडले. मग आले 2018. त्या वर्षी निफ्टी 50 सुमारे तीन टक्के वर गेला आणि निफ्टी स्मॉलकॅप 100 सुमारे 29 टक्के कोसळला. मोकळीक असलेले व्यवस्थापक मोठ्या शेअरांच्या आश्रयाला गेले, यात नवल नाही. त्यात गुंतवणूकदाराचे नुकसानही झाले नाही. प्रश्न वेगळाच होता. त्या काळात मल्टिकॅप फंडाने व्यापक बाजारापेक्षा चार पैसे जास्त दिले असतील, तर ते व्यवस्थापकाच्या शेअर निवडीचे की केवळ लहान शेअरांपासून दूर राहण्याचे? व्यवस्थापकाचे शुल्क यातल्या पहिल्या कामासाठी द्यावे, असे माझे मत आहे. दुसरे काम साधा निफ्टी इंडेक्स फंडही करतो, आणि तो कितीतरी स्वस्तात मिळतो.

हा प्रश्न विचारण्याची पद्धत अर्धशतकाहून जुनी आहे. 1968मध्ये मायकेल जेन्सन यांनी 1945 ते 1964 या काळातील 115 अमेरिकी फंडांचा हिशोब मांडला. फंडाच्या परताव्यातून आधी सरकारी कागदाचा बिनजोखमीचा परतावा वजा केला. उरतो तो अतिरिक्त परतावा. बाजाराचाही तसाच अतिरिक्त परतावा काढला आणि पहिल्याचे दुसऱ्यावर रिग्रेशन केले. बाजार एक टक्का हलला की फंड सरासरी किती हलतो तो बीटा. आणि बाजाराने समजावता न आलेला, दर काळात शिल्लक राहणारा सरासरी परतावा म्हणजे अल्फा. जेन्सन यांच्या फंडांचा सरासरी अल्फा, खर्च वजा जाता, वर्षाला उणे 1.1 टक्के निघाला. आपल्याकडेही 1991मध्ये समीर बरुआ आणि जयंत वर्मा यांनी ‘विकल्प’ या नियतकालिकात युटीआयच्या 1986 सालच्या मास्टरशेअर योजनेची अशीच झडती घेतली होती आणि ती योजना मोठ्या गुंतवणूकदारांच्या पथ्यावर पडली, असा निष्कर्ष काढला होता.

पण एकट्या बाजाराच्या मापाने मोजताना काहीतरी निसटत होते. 1977मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे संजॉय बसू यांनी दाखवले, की नफ्याच्या मानाने स्वस्त मिळणारे शेअर बीटाच्या अपेक्षेपेक्षा जास्त परतावा देतात. 1981मध्ये रॉल्फ बान्झ यांना लहान कंपन्यांच्या बाबतीत तेच आढळले. आता जेन्सन यांच्या पद्धतीत एक भोक दिसू लागले. एखाद्याने डोळे मिटून केवळ लहान आणि स्वस्त शेअर घेतले, तरी त्याचा अल्फा वर दिसणार. त्याला कौशल्य म्हणायचे का?

यूजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी 1993मध्ये या दोन्ही गोष्टी समीकरणातच घेतल्या. त्यांचा आधार होता जुलै 1963 ते डिसेंबर 1991 या 342 महिन्यांचा. दर जूनअखेर त्यांनी शेअरांचे आकाराने दोन गट केले आणि पुस्तकी मूल्य भागिले बाजारमूल्य या गुणोत्तराने तीन गट : वरचे 30 टक्के स्वस्त, मधले 40, खालचे 30 महाग. दोन गुणिले तीन, असे सहा संच झाले. लहान शेअरांच्या तीन संचांच्या सरासरी परताव्यातून मोठ्यांच्या तीन संचांची सरासरी वजा केली की आकाराचा घटक मिळतो, त्याला `SMB` म्हणतात. स्वस्त शेअरांच्या दोन संचांच्या सरासरीतून महागांच्या दोन संचांची सरासरी वजा केली की मूल्याचा घटक, `HML`. ही विभागणी आडवी-उभी करण्याचे कारण महत्त्वाचे आहे : लहान शेअर बहुधा स्वस्तही असतात, त्यामुळे दोन्ही गुण एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आकाराच्या प्रत्येक गटात स्वस्त-महाग आणि स्वस्ततेच्या प्रत्येक गटात लहान-मोठे ठेवले जातात. समीकरण असे :

```
R_fund - R_f = a + b*(R_m - R_f) + s*SMB + h*HML + e
```

`b`, `s` आणि `h` हे तीन भार. इंग्रजीच्या सवयीने बाजारात त्यांना लोडिंग म्हणतात. `a` म्हणजे अल्फा, `e` म्हणजे त्या-त्या महिन्याची उरलेली चूक.

भारतात हे समीकरण लागू पडते का, हे ग्रेगरी कॉनर आणि संजय सेहगल यांनी 2001मध्ये तपासले, आणि तीनही घटक इथल्या शेअरांत वावरतात असे त्यांना दिसले. पण महिन्यागणिक वापरता येईल अशी, सर्वांसाठी खुली मालिका हाती आली ती 2013मध्ये. आयआयएम अहमदाबादचे शोभेश अगरवाला, जोशी जेकब आणि जयंत वर्मा यांनी सीएमआयईच्या ‘प्रोवेस’ या आकडेवारीच्या आधारे ती बांधली. अमेरिकी कृती त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही, आणि हेच त्यांच्या कामाचे खरे मोल. आपले आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि ताळेबंद लोकांपर्यंत यायला काही महिने जातात, म्हणून संच जूनऐवजी सप्टेंबरअखेर बांधले. आपल्याकडे बाजारमूल्य मोजक्या कंपन्यांत एकवटलेले असल्याने, वरच्या दहा टक्क्यांतल्या कंपन्या मोठ्या आणि बाकी सगळ्या लहान, अशी रेघ ओढली. बंद पडलेल्या कंपन्या आकडेवारीतून गळाल्याने परतावा फुगतो, त्याची दुरुस्ती केलेली मालिकाही दिली. मार्क कारहार्ट यांनी 1997मध्ये जोडलेला मोमेंटमचा चौथा घटकही त्यांनी काढला. इथे मी तीनवरच थांबतो.

आता सप्टेंबर 2020च्या त्या फंडांसारखा एक नमुना घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही चालू फंडाचे नाहीत. समजा नार्नूरच्या एका शिक्षकाची एका मल्टिकॅप फंडात एसआयपी आहे. त्या फंडाचे ऑगस्ट 2020पर्यंतचे 36 महिने आपण घेतले. फंडाचा सरासरी अतिरिक्त परतावा महिन्याला 1.00 टक्का. त्याच काळात बाजाराचा 0.80 टक्का, `SMB` महिन्याला उणे 0.50 आणि `HML` उणे 0.60, म्हणजे लहान शेअर हरत होते आणि स्वस्त शेअरही हरत होते.

आधी एकट्या बाजारावर रिग्रेशन. बीटा आला 0.95. बाजाराने दिलेला वाटा 0.95 गुणिले 0.80, म्हणजे 0.76. उरला 0.24 टक्का दरमहा, वर्षाला जवळपास तीन टक्के. हा आकडा जाहिरातीत छापला तर कोणीही खूश होईल.

आता तीन घटक. बाजाराचा भार 0.96, आकाराचा उणे 0.10, मूल्याचा उणे 0.25. हिशोब पुन्हा मांडू. बाजाराचा वाटा 0.96 गुणिले 0.80, सुमारे 0.77. आकाराचा वाटा उणे 0.10 गुणिले उणे 0.50, म्हणजे अधिक 0.05. मूल्याचा वाटा उणे 0.25 गुणिले उणे 0.60, म्हणजे अधिक 0.15. बेरीज 0.97. अल्फा उरला 0.03 टक्का दरमहा, वर्षाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तीन टक्क्यांच्या कौशल्यातला बहुतेक भाग महागड्या, वाढीच्या शेअरांकडे झुकण्यातून आला होता, आणि थोडा लहान शेअरांना टाळण्यातून. त्या काळात हे दोन्ही झुकाव जिंकणारे होते. काळ उलटला की हेच दोन वाटे उणे होतील. 2020च्या अखेरीपासून लहान आणि स्वस्त शेअर वर चढू लागले, तेव्हा असे झुकाव जपून बसलेल्या फंडांची पंचाईत झाली.

प्रत्येक भार वाचताना मनात एक खूणगाठ हवी : भार म्हणजे फंड कशासोबत हलतो याचे माप. तो फंडातल्या शेअरांची मोजदाद नव्हे. बाजाराचा 0.96 सांगतो, की फंडाची चढउतार बाजाराइतकीच आहे, किंचित कमी. थोडी रोकड असेल तर असेच दिसते. आकाराचा भार शून्य असेल तर फंड लहान-मोठ्यांचे मिश्रण साधारण बाजाराच्याच प्रमाणात बाळगतो. बाजार मूल्यभारित असल्याने तो मुळातच मोठ्यांनी भरलेला असतो, म्हणून शून्य म्हणजे ‘समान वाटप’ नव्हे. मूल्याचा भार धन असेल तर फंड स्वस्त शेअरांसोबत हलतो, ऋण असेल तर महागांसोबत. ज्याच्या नावात ‘व्हॅल्यू’ आहे त्या फंडाचा `h` वर्षानुवर्षे ऋण निघाला, तर नाव आणि काम यांची फारकत झाली आहे, असे स्पष्ट म्हणावे. आणि मग महिन्याला जाहीर होणाऱ्या शेअरयादीशी ताडून पाहावे, कारण एखादा बँक शेअर स्वस्त दिसत असूनही महागांच्या टोळीसोबत हलू शकतो.

हा भार कितपत खात्रीचा आहे, हेही त्याच रिग्रेशनमधून कळते. फंडाची मासिक चूक सुमारे 1.2 टक्के आणि `SMB` महिन्याला सुमारे 3.5 टक्के हलत असेल, तर 36 महिन्यांवर आकाराच्या भाराची प्रमाण त्रुटी साधारण 0.06 येते. म्हणजे उणे 0.10 हा उणे 0.21पासून शून्यापर्यंत कुठेही असू शकतो. फंड लहान शेअरांच्या विरुद्ध झुकला आहे, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण 25-25-25चा नियम पाळणारा फंड कुठे असता? समजा लहान शेअरांचा भार 0.9, मध्यमांचा 0.4 आणि बाकीच्यांचा शून्य. 25 टक्के लहान आणि 25 टक्के मध्यम असतील तर भार 0.32च्या आसपास यायला हवा. आपला फंड त्यापासून सात प्रमाण त्रुटी दूर आहे. म्हणजे सेबीला जे शेअरयादीतून दिसले, ते फक्त एनएव्हीवरूनही दिसले असते.

अल्फाबाबत हीच कसोटी निराश करते. त्याची प्रमाण त्रुटी 1.2 भागिले 36चे वर्गमूळ, म्हणजे 0.20 टक्का दरमहा. आपला 0.03 तिच्या सावलीतही उभा राहत नाही. पण लक्षात घ्या, आधीचा 0.24सुद्धा या त्रुटीच्या दुप्पट नव्हता. तीन वर्षांच्या आकड्यांतून वर्षाला तीन टक्क्यांचे कौशल्यही नशिबापासून वेगळे काढता येत नाही. भार मात्र तीन वर्षांत बऱ्यापैकी स्पष्ट होतात. म्हणून या पद्धतीचा भरवशाचा उपयोग फंडाची प्रकृती ओळखण्यासाठी आहे. व्यवस्थापकाला गुण देताना तिच्यावर फार विसंबू नये.

6 नोव्हेंबर 2020 रोजी सेबीने फ्लेक्सिकॅप हा नवा वर्ग काढला : 65 टक्के शेअर, आकाराचे बंधन नाही. बहुतेक मोठे मल्टिकॅप फंड तिकडे सरकले. एचडीएफसी इक्विटी फंड जानेवारी 2021अखेर एचडीएफसी फ्लेक्सिकॅप झाला, कोटक स्टँडर्ड मल्टिकॅप कोटक फ्लेक्सिकॅप झाला. काही, जसे निप्पॉन इंडियाचा आणि आयसीआयसीआय प्रुडेन्शिअलचा, मल्टिकॅपच राहिले. नावांची ही दुरुस्ती मला योग्य वाटते. ज्यांची चाल मोकळी होती त्यांना मोकळे नाव मिळाले. परिपत्रक शुक्रवारी संध्याकाळी काढून रविवारी खुलासा करण्याची वेळ मात्र आली नसती, तर बरे झाले असते.

या बदलाने रिग्रेशन करणाऱ्यासमोर एक खड्डा तयार झाला. मल्टिकॅपच राहून मांडणी बदललेला फंड घ्या. आधीच्या 18 महिन्यांत त्याचा आकाराचा भार उणे 0.10, नंतरच्या 18 महिन्यांत 0.35. दोन्ही काळ एका रिग्रेशनमध्ये घातले की उत्तर साधारण 0.12 येते. असा फंड कधी अस्तित्वातच नव्हता. आणि या चुकीच्या भाराची भरपाई अल्फात जाऊन बसते, कारण लहान शेअर ज्या महिन्यांत उसळले, त्या महिन्यांत फंडाने ‘अपेक्षेपेक्षा’ जास्त दिल्याचे दिसते. ओळखायचे कसे? खिडकी सरकवत न्यायची : पहिले 24 महिने, मग दुसऱ्यापासून पंचविसाव्यापर्यंत, असे. भार एका दिशेने चढत किंवा उतरत गेला, तर फंड बदलला आहे. फेब्रुवारी 2021 ओलांडणारी कोणतीही मल्टिकॅप खिडकी संशयाने पाहावी.

बाकीच्या चुका साध्या असतात, पण त्याच जास्त घडतात. 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर वार्षिक असतो. सहा टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला सुमारे अर्धा टक्का. तो न बदलता फंडाच्या परताव्यातून वजा केला तर अल्फा उणे साडेपाच टक्क्यांच्या आसपास दरमहा येतो, आणि तीच चूक झाल्याची खूण असते. बाजारासाठी लाभांश न धरलेला निर्देशांक घेतला तर फंडाचा अल्फा वर्षाला फुकटचा एक-सव्वा टक्का वर जातो. सेबीने म्हणूनच फेब्रुवारी 2018पासून लाभांशासहितच्या निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली. एनएव्ही वाढ पर्यायाचीच घ्यावी, नाहीतर वाटप झालेल्या महिन्यात खोटी घसरण दिसते. डायरेक्ट योजना 1 जानेवारी 2013पासून आहेत. तुमचा पैसा रेग्युलरमध्ये असेल तर रेग्युलरचीच एनएव्ही घ्या, कारण दलालीचा खर्च अल्फातूनच जातो. घटकांच्या मालिकेला मात्र काही खर्च नसतो, म्हणून निव्वळ घटक धरून चालणाऱ्या प्रामाणिक फंडाचाही अल्फा थोडा उणेच येईल.

हे सगळे साध्या एक्सेलमध्ये होते. `B` स्तंभात फंडाचा अतिरिक्त परतावा, `C`मध्ये बाजाराचा, `D`मध्ये `SMB`, `E`मध्ये `HML` :

```
=LINEST(B2:B37,C2:E37,TRUE,TRUE)
```

उत्तराची पहिली ओळ उलट क्रमाने येते, हे विसरू नका : आधी `h`, मग `s`, मग `b`, शेवटी अल्फा. दुसऱ्या ओळीत त्यांच्या प्रमाण त्रुटी. क्रम न पाहता वाचले तर मूल्याचा भार बाजाराचा समजला जातो. पहिलाच आकडा एकच्या जवळ नसेल तर घाबरू नये.

घटकांची मालिका आयआयएम अहमदाबादच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक योजनेची रोजची एनएव्ही ॲम्फीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तुमच्या फंडाचे 36 महिने एकदा या चार स्तंभांत मांडा, आणि सल्लागार अल्फाचा आकडा पुढे करील तेव्हा त्याला आधी `s` आणि `h` किती, कोणत्या काळातले, हे विचारा.